बेळगावात माल पडून, अथणीत गिऱ्हाईक परत : मध्यवर्ती गोदाम आणि डेपो यांच्यात सेफ्टी स्टॉक कसा वाटावा?

उद्यमबाग_स्टोअर (सोमवार, रात्री 9.40)

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत शेतीपंपाच्या सुट्या भागांचं आमचं मुख्य गोदाम आहे, त्याचा स्टोअर मी बघतो. निपाणी, चिकोडी, अथणी आणि गोकाक असे चार डेपो. माल कोइमतूरहून बेळगावला येतो, तिथून आमच्याच टेम्पोनं डेपोला जातो.

एकाच वस्तूचं सांगतो म्हणजे गोंधळ नको. सबमर्सिबलचं 5 एचपीचं स्टार्टर पॅनेल. प्रत्येक डेपोत रोज सरासरी 5 जातात, पण कधी एकही नाही तर कधी बारा. या चढउताराचा एसडी एक्सेलमध्ये 4 येतो. कोइमतूरचा माल यायला 18 दिवस, आणि आम्ही ऑर्डर आठवड्यातून एकदाच देतो, म्हणून मी 25 दिवस धरतो.

मालकांचा नियम असा की मुख्य गोदामात 98 टक्के वेळा माल हाताशी पाहिजे. 98 टक्क्यांसाठीची पट 2.05, त्याप्रमाणे बेळगावचा सेफ्टी स्टॉक, म्हणजे सरासरी खपाच्या वर ठेवायचा जादा माल, मी 2.05 × 8 × 5 म्हणजे 82 नग ठेवलाय (चार डेपोंचा मिळून रोजचा एसडी 8, आणि 25 चं वर्गमूळ 5). डेपोला 95 टक्के धरून, गाडी त्याच दिवशी पोचते म्हणून एक दिवस घेतला : 1.65 × 4 × 1, म्हणजे प्रत्येकी 7 नग.

आता अडचण. परवा अथणीचा फोन, पॅनेल संपलं, तीन शेतकरी परत गेले. मी फोन कानाला लावून उभा होतो आणि समोर भिंतीला लागून त्याच पॅनेलची खोकी छातीपर्यंत रचलेली. गेल्या तीन महिन्यांत असं किती वेळा झालं त्याची मोजदादच नाही. माल आहे, पण जिथं पाहिजे तिथं नाही. 82 आणि 7 ही वाटणीच चुकलीय असं वाटतंय. पण मग किती आणि कुठं?

---

जुना_बाजार (सोमवार, रात्री 10.15)

चार डेपो चालवण्याचा खर्च परवडतो का ते आधी बघा. निपाणी आणि चिकोडी जवळजवळच आहेत, एक बंद करा. भाडं, पगार, वीजबिल वाचेल. मी 30 वर्षं हिशेबनीस होतो. गोदामं वाढली की माल वाढतो, हे प्रत्येक ताळेबंदात पाहिलंय.

---

उद्यमबाग_स्टोअर

काका, तुमचं बरोबर असेल, पण डेपो बंद करायचा प्रश्नच नाही. हंगामात मोटार जळली की शेतकरी सकाळी आठला दारात असतो. पिकाला पाणी द्यायचं असतं, तो बेळगावला येत नाही, शेजारच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचं घेऊन जातो. डेपो चारच राहणार. त्यांच्यात माल कसा वाटायचा एवढंच विचारतोय.

---

वर्गमूळ (सोमवार, रात्री 11.05)

याचं उत्तर साधं आहे. चार ठिकाणचा साठा एका ठिकाणी आणला की चढउतार एकमेकांत मिसळून जातात. निपाणीत जास्त गेलं त्या दिवशी गोकाकात कमी जातं. चारच्या वर्गमुळाइतका, म्हणजे निम्म्या साठ्यात काम भागतं. तुम्हीच चार डेपोंचा एसडी 16 न धरता 8 धरलाय, तो याच कारणानं. म्हणून होईल तेवढा माल बेळगावात ठेवा. डेपोत दाखवण्यापुरते दोन-तीन नग असू द्या आणि गाडी रोज सोडा. 82 चे 110 करावे लागले तरी चालतील.

---

अथणीकर (मंगळवार, सकाळी 7.20)

वर्गमूळसाहेब, तुम्ही एकदा अथणीला या की. दोन-तीन नग ठेवून मी गिऱ्हाइकाला काय सांगू, तुमच्या पॅनेलचे चढउतार बेळगावात मिसळलेत म्हणून?

मीच तो फोन करणारा. स्टोअरच्या साहेबांवर राग नाही, ते उचलतात तरी. पण माझ्याकडं खोक्याजवळ बिन कार्ड लटकवलेलं असतंय, ते बघा. सोमवारी संध्याकाळी गाडी आली, शिल्लक 22. मंगळवारी 6 गेले, बुधवारी 9, गुरुवारी दुपारपर्यंत 7. गाडी यायची गुरुवारी संध्याकाळी. तीन वाजता कार्डावर शून्य लिहून खाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली. अशा लाल रेघा एका कार्डावर चार हायत. आणि चारही रेघा गाडी यायच्या आदल्या दिवशी नाहीतर त्याच दिवशी.

मी गेल्या वर्षी एका ट्रेनिंगला गेलो होतो. तिथं शिकवलेलं, की माल यायला लागणारे सगळे दिवस धरा. कोइमतूर ते बेळगाव 25, बेळगाव ते अथणी 4, एकूण 29. 1.65 × 4 × 5.4, म्हणजे मला जवळजवळ 36 नग पाहिजेत. 7 नाही.

---

आकडेमोड_ताई (मंगळवार, दुपारी 1.30)

माहेर खानापूर, नोकरी पुण्यात. सुट्या भागांच्या साठ्याचं नियोजन हेच गेली बरीच वर्षं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं अथणीकरांनी सांगितलंय, लाल रेघा गाडीच्या आदल्या दिवशी पडतात हे. उद्यमबाग, तुमच्या 7 च्या आकड्यात चूक इथंच आहे. गाडी त्याच दिवशी पोचते म्हणून तुम्ही एक दिवस धरलात. पण गाडी रोज जात नाही ना? सोमवार आणि गुरुवार जात असेल, तर सोमवारी उतरलेल्या मालावर गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत भागवायचं असतं आणि गुरुवारच्या मालावर सोमवारपर्यंत. म्हणजे डेपोनं सांभाळायचा काळ चार दिवसांचा आहे. चार दिवसांचा एसडी 4 × 2 = 8. त्यावर 7 चा सेफ्टी स्टॉक म्हणजे 0.875 पट, 95 टक्के नव्हे तर जेमतेम 81 टक्के. पाचातल्या एका फेरीत माल संपणारच. बेळगावात 82 असू दे नाहीतर 182, त्यानं या आकड्यात काही फरक पडत नाही.

अथणीकर, तुमचे 36 मात्र जास्त होतात. 29 दिवस तेव्हा धरायचे जेव्हा बेळगावात काहीच नसतं आणि तुमच्या प्रत्येक ऑर्डरसाठी माल थेट कोइमतूरहून मागवावा लागतो. बेळगावात साठा असताना 25 दिवसांची जोखीम तिथं सांभाळली जाते. ती तुम्ही परत सांभाळली तर एकाच पावसासाठी दोन छत्र्या झाल्या. चारही डेपोंनी 36 ठेवले तर 144, वर बेळगावचे 82. एवढा माल कुणालाच नको आहे.

वर्गमूळ, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्यावर संध्याकाळी लिहिते.

---

उद्यमबाग_स्टोअर

ताई, अगदी बरोबर, गाडी सोमवार-गुरुवारच जाते. फेऱ्यांमधले दिवस धरायचे हे डोक्यातच आलं नाही. चार दिवस धरले तर डेपोला 1.65 × 8 = 13.2 नग. चार डेपोंचे 53, बेळगावचे 82, एकूण 135. आत्ता 110 आहे. म्हणजे साठा 25 नं वाढवायचा असं मालकांना सांगू का? ते ऐकतील असं वाटत नाही.

---

औषधवाले_संकेश्वर (मंगळवार, सायंकाळी 5.10)

आमच्याकडं उलटं झालं ते सांगतो. औषधांचा साठा डेपोत वाढवला आणि मुदत संपलेला माल परत यायला लागला. डेपोवाल्याला जुना बॅच आधी काढायची सवय नसते. पॅनेलला मुदत नाही, पण मॉडेल बदललं तर? डेपोत ढकललेला माल परत आणणं सोपं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

---

आकडेमोड_ताई (मंगळवार, रात्री 9.50)

औषधवाल्यांचा मुद्दा खरा आहे. बेळगावातला नग अजून कुणाचाही नसतो, डेपोत गेला की त्या डेपोचा झाला. पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे.

वर्गमूळ म्हणतात तो फायदा, म्हणजे 16 च्या जागी 8, नक्की कुठून येतो ते बघा. तो बेळगावच्या शेल्फवर खोकी रचल्यानं येत नाही. कोइमतूरहून निघालेला ट्रक हुबळी-धारवाड ओलांडून येतो तेव्हा आतलं कुठलं पॅनेल अथणीचं आणि कुठलं गोकाकचं हे ठरलेलं नसतं. ते बेळगावात, शेवटच्या क्षणी ठरतं. 25 दिवसांची अनिश्चितता चौघांनी मिळून वाटून घेतली, ती इथं. हा फायदा बेळगावचा सेफ्टी स्टॉक शून्य केला तरी जसाच्या तसा राहतो.

आता शून्य करून बघूच. बेळगावचा दिवसाचा खप 20, 25 दिवसांचा 500. शिल्लक आणि वाटेवरचा माल मिळून बरोबर 500 ठेवायचे, वर एकही नग नाही. 25 दिवसांच्या खपाचा एसडी 8 × 5 = 40. अर्ध्या वेळेला खप 500 च्या आत राहील आणि शेल्फवर काहीतरी असेल. अर्ध्या वेळेला खप वर जाईल आणि डेपोंच्या ऑर्डरी थांबतील. थांबलेल्या ऑर्डरी सरासरी किती? एक्सेलमध्ये A1 ला एसडी आणि B1 ला ती 2.05, 1.65 वाली पट लिहा :

```
=A1*(NORM.S.DIST(B1,FALSE)-B1*(1-NORM.S.DIST(B1,TRUE)))
```

A1 मध्ये 40, B1 मध्ये 0 घातलं की 16 येतं. सरासरी 16 नग थांबलेले आणि रोजचा खप 20, म्हणजे प्रत्येक नग सरासरी 0.8 दिवस थांबतो. एक दिवससुद्धा नाही.

मालकांचा 98 टक्क्यांचा नियम इथं फसवतो. सेफ्टी स्टॉक शून्य केला की गोदाम 50 टक्क्यांवर आलं असं कागदावर दिसतं आणि छातीत धस्स होतं. पण शेतकरी बेळगावच्या दारात उभा नाही, अथणीच्या दारात आहे. त्याला बेळगावची टक्केवारी कळतही नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त उशीर, आणि तो 0.8 दिवसाचा आहे. डेपोनं चारऐवजी 4.8 दिवस सांभाळायचे.

अर्थात 0.8 ही सरासरी. कधी उशीर होणारच नाही, कधी तीन दिवसांचा होईल, त्यामुळे हा चढउतारही मोजायला हवा. तो धरून प्रत्येक डेपोच्या काळातला एसडी साडेदहाच्या आसपास येतो आणि सेफ्टी स्टॉक 17 ते 18. चार डेपोंचे 70. बेळगावात सेफ्टी स्टॉक शून्य असला तरी शेल्फ रिकामं नसतं, चांगल्या दिवसांतलं मिळून सरासरी 16 नग तिथं पडून असतात. एकूण 86.

आत्ता तुमच्याकडं 110 आहेत आणि पाचातली एक फेरी कोरडी जाते. ही वाटणी केली तर 86 मध्ये विसातली एक.

---

अथणीकर

ताई, मी हे दोनदा वाचलं. 110 च्या जागी 86, आणि माझ्याकडं 7 च्या जागी 18. माल कमी करून मला जास्त मिळू लागलाय, हे कसं काय?

---

आकडेमोड_ताई

कारण बेळगावातले शेवटचे 60-65 नग जवळजवळ काहीच काम करत नव्हते. ते ठेवून उशीर 0.8 दिवसावरून शून्याच्या जवळ येतो. पाऊण दिवस वाचवायला पासष्ट नग. तेवढाच पाऊण दिवस डेपोत सांभाळायला प्रत्येकी चार-पाच नग पुरतात.

आणि आकडा अगदी 0 च पाहिजे असं नाही. B1 मध्ये 0.5 घालून, म्हणजे बेळगावात 20 चा सेफ्टी स्टॉक ठेवून मी सगळं परत केलं. एकूण 90 आलं. उणे 0.5 घालूनही 86-87 च. तळ सपाट आहे, थोडं इकडंतिकडं झालं तर बिघडत नाही. महाग पडतं ते 2.05.

---

वर्गमूळ (बुधवार, सकाळी 8.05)

ताई, मान्य. एकत्र ठेवणं आणि एकत्र मागवणं यात फरक आहे हे मी कधी वेगळं काढून बघितलं नव्हतं. पण मग माझा प्रश्न : बेळगावात शून्य हा नियमच म्हणायचा का? आमच्या कारखान्यात सगळ्या वस्तूंना तसं करू का?

---

आकडेमोड_ताई

नाही, तसं करू नका. रोज वीस जाणाऱ्या वस्तूला हे लागू होतं. महिन्यातून एखादा जाणारा मोठा इंपेलर घ्या. तो चार डेपोत एकेक ठेवला तर चार नग वर्षभर धूळ खाणार. असली वस्तू फक्त बेळगावात ठेवायची आणि फोन आला की पुढच्या गाडीनं पाठवायची. तिथं तुमचंच मूळ म्हणणं बरोबर आहे. विमानाच्या महागड्या आणि क्वचित लागणाऱ्या भागांसाठी शेरब्रुक यांनी अमेरिकी हवाई दलासाठी केलेला जो हिशेब 1968 मध्ये प्रसिद्ध केला, तोही याच उशिराच्या कल्पनेवर उभा आहे. पण तिथं वस्तूगणिक उत्तर वेगळं निघतं.

---

उद्यमबाग_स्टोअर (बुधवार, रात्री 10.20)

ताई, आज दिवसभर जुनी रजिस्टरं काढून बसलो होतो. तुम्ही सांगितलेला उशीर मोजता येतो हे लक्षात आलं. डेपोची ऑर्डर कधी आली आणि माल कुठल्या गाडीत चढला, दोन्ही तारखा आमच्या रजिस्टरला आहेत, फक्त कधी वजा केल्या नव्हत्या. जानेवारी ते मार्च जवळजवळ प्रत्येक ऑर्डर पुढच्याच गाडीत गेली, उशीर शून्य. म्हणजे 82 नी त्यांचं काम केलं आणि तरी अथणीत लाल रेघा पडल्या. तुमचं म्हणणं तारखांतच दिसतंय.

पण एप्रिल उघडला आणि गप्प बसलो. तिथं सलग नऊ दिवस चारही डेपोंच्या ऑर्डरी थांबलेल्या. 82 असूनही. कोइमतूरचे 18 दिवस हे कागदावरचे, त्या वेळी 29 लागले. मागचं वर्ष तपासलं तर 14 ते 30 मध्ये काहीही. शून्य ठेवलं असतं तर नऊचे तेरा दिवस झाले असते. आता सांगा.

---

आकडेमोड_ताई (बुधवार, रात्री 11.30)

हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर माझे आकडे वेगळे असते. बरं झालं रजिस्टर उघडलंत.

कोइमतूरचे दिवस हलतात तेव्हा खपाचा चढउतार बाजूलाच पडतो. दिवसांचा एसडी 5 धरला तर 20 × 5 = 100 नगांचा चढउतार एकट्या उशिरामुळे येतो. खपाचा होता 40. दोन्ही मिळून, वर्गांची बेरीज करून, 108. शून्य सेफ्टी स्टॉक ठेवला तर आता सरासरी उशीर 0.8 नाही, दोन दिवसांपेक्षा जास्त. शिवाय हा उशीर चारही डेपोंना एकाच वेळी लागतो, वर्गमुळाचा फायदा इथं मिळतच नाही.

अशा वेळी मी बेळगावात 50-55 ठेवीन. सरासरी उशीर एका दिवसावर येतो. एकूण साठ्याच्या हिशेबानं शून्य आणि 54 यांत फारसा फरक निघत नाही. पण लांबलेल्या उशिराला माझं सूत्र नीट पकडत नाही. ते घंटेच्या आकाराचा आलेख धरून चालतं आणि उशीर एका बाजूलाच लांबत जातो. म्हणून मी सावध बाजू घेते. डेपोतही मग 18 पुरणार नाहीत, 23-24 लागतील.

मात्र साठ्याच्या आधी कोइमतूरशी बोला. दिवसांचा एसडी 5 चा 2 झाला तर 108 चे 57 होतात. तेवढा फरक कुठलंही शेल्फ भरून मिळत नाही. ऑर्डर देताना पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज कळवला, तर पुरवठादार बहुतेक वेळा तारीख पाळतो.

---

टेम्पो_निपाणी (गुरुवार, सकाळी 6.50)

एप्रिलचं मी सांगतो. मी ह्याच पट्ट्यात गाडी मारतो. उन्हाळ्यात नदीचं पाणी खाली गेलं, व्होल्टेज हाललं की निपाणी, चिकोडी, अथणी सगळीकडं एकाच आठवड्यात मोटारी जळतात. एकीकडं जास्त तर दुसरीकडं कमी असं तेव्हा नसतंय.

---

आकडेमोड_ताई

दादा, तुम्ही दोन ओळीत सगळं सांगितलंत. 16 चं 8 होतं ते डेपोंचे खप एकमेकांपासून वेगळे चालत असतील तरच. ते साधारण निम्म्यानं एकत्र हलत असतील तर 8 च्या जागी साडेबारा येतो आणि अगदी एकत्र असतील तर पूर्ण 16.

पण दर वर्षी ठरलेल्या महिन्यात वाढणारा खप ही अनिश्चितता नव्हे, तो अंदाजात आधीच धरायचा. उद्यमबाग, तुमचा एसडी 4 वर्षभराच्या खपाचा असेल तर त्यात हंगामही मिसळलाय. अंदाज आणि प्रत्यक्ष खप यांतल्या फरकाचा एसडी काढा, आणि मार्च ते मे वेगळा काढा.

---

उद्यमबाग_स्टोअर

वर्षभराचाच आहे. वेगळा काढतो. आणखी एक विचारायचं राहिलं, डेपोंच्या ऑर्डरींवरून आम्ही खप धरतो, ते चालेल ना?

---

अथणीकर (गुरुवार, दुपारी 2.15)

त्याचं उत्तर मीच देतो, आणि खरं सांगतो. एप्रिलमध्ये माल थांबला तेव्हा 20 पाहिजे होते आणि मी 40 लिहिले. अर्धे तरी मिळतील म्हणून. चिकोडीवाल्यानंही तेच केलं असणार. नंतर माल आला तेव्हा 40 च आले आणि 15 खोकी मी मागच्या खोलीत ताडपत्रीखाली ठेवली, ती स्टॉकला दाखवली नाहीत. पुन्हा लाल रेघ नको म्हणून. गिऱ्हाईक परत जाताना बघवत नाही हो.

---

आकडेमोड_ताई

अथणीकर, हे सांगितलंत म्हणून मनापासून आभार. ही तुमची एकट्याची गोष्ट नाही, माल तुटला की प्रत्येक डेपो हेच करतो. पण त्यामुळे बेळगावला 20 च्या जागी 40 दिसतात, एसडी फुगतो, सेफ्टी स्टॉक वाढतो, आणि ताडपत्रीखालचा माल कुणाच्याच हिशेबात राहत नाही.

उद्यमबाग, म्हणून ऑर्डरी धरू नका. काउंटरवरची विक्री रोज मागवा, व्हॉट्सॲपवर एक आकडा पुरे. कोइमतूरची ऑर्डर देताना बेळगावचा, वाटेवरचा आणि चारही डेपोंतला सगळा माल एकत्र मोजा. अथणीत मागे पडलेली 15 खोकी तेव्हाच दिसतील.

---

जुना_बाजार (गुरुवार, रात्री 8.40)

परवा मी प्रश्न नीट वाचला नव्हता, माफ करा. हिशेबाच्या बाजूनं एक विचारतो. डेपो एकमेकांना माल देतात का? चिकोडीत संपलं आणि निपाणीत पडून असेल तर बेळगावच्या गाडीची वाट कशाला?

---

उद्यमबाग_स्टोअर

देऊ शकतात काका, चारही डेपो कर्नाटकात, एकाच जीएसटी नंबरावर, त्यामुळे चलनावर माल जातो. पण मालक गडहिंग्लजला पाचवा डेपो काढायच्या विचारात आहेत. निपाणीहून तो कितीतरी जवळ.

---

जुना_बाजार

तिथं मग सीमा आडवी येते. राज्य बदललं की वेगळी नोंदणी, आणि आपलाच माल आपल्याच गडहिंग्लजच्या डेपोला पाठवला तरी कायद्यानं तो पुरवठा धरला जातो. बिल करून आयजीएसटी लावावा लागतो. क्रेडिट मिळतं, पैसा बुडत नाही, पण प्रत्येक खोक्यामागं बिल आणि दोन पुस्तकांत नोंद. 1 जुलै 2017 च्या आधी कोगनोळी नाक्यावर गाड्या थांबायच्या त्या मानानं आता बरंच सोपं आहे. 50,000 च्या वर ई-वे बिल तर दोन्हीकडं लागतंच. तरी निपाणी-चिकोडी जसं फोनवर होतं तसं निपाणी-गडहिंग्लज होणार नाही. त्या डेपोचा साठा वेगळाच धरा.

---

टेम्पो_निपाणी

आणि पावसाळा विसरू नका. कृष्णा-दूधगंगा चढल्या की कल्लोळ-येडूरसारखे सखल पूल पाण्याखाली जातात, अथणीला लांबनं वळसा घालून जावं लागतंय. 2019 च्या ऑगस्टात तर कोल्हापूरजवळ हायवेच बंद पडला होता कित्येक दिवस. तेव्हा चार दिवसांचा हिशेब चालत नाही.

---

आकडेमोड_ताई (गुरुवार, रात्री 10.05)

बरोबर. पण पुरासाठी वर्षभर जास्त साठा ठेवायची गरज नाही. जूनच्या शेवटी फक्त अथणीला आठ दिवसांच्या खपाचा माल आधीच उतरवायचा आणि पाणी ओसरलं की नेहमीच्या आकड्यावर यायचं. तसाही पावसाळ्यात पॅनेलचा खप उतरलेला असतो, त्यामुळे ते आठ दिवस तुम्हाला वाटतात तेवढे जड जाणार नाहीत.

---

उद्यमबाग_स्टोअर (रविवार, सायंकाळी 6.30)

काल मालकांसमोर बसलो. 98 टक्क्यांवरून ते हलायला तयार नव्हते. मग मी टक्केवारी बाजूला ठेवून दोन कागद पुढं केले. एकावर जानेवारी ते मार्च बेळगावचा उशीर, सगळे शून्य. दुसरा अथणीच्या बिन कार्डाचा फोटो, लाल रेघांसकट. कार्ड बराच वेळ बघत बसले. शेवटी एवढं ठरलं, की फक्त या पॅनेलपुरतं तीन महिने करून बघायचं. बेळगावात 55, डेपोत 23. एकूण साठा आत्तापेक्षा वाढतोय हे त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण कोइमतूरचे दिवस हलतात. कोइमतूरला दोन महिन्यांचा अंदाज उद्यापासून जाईल, तिथली तारीख सुधारली की आकडे खाली आणू.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. बेळगावात 30 च नग आहेत आणि चौघांच्या ऑर्डरी मिळून 60 आल्या, तर आधी कुणाला? आत्ता ज्याचा फोन आधी त्याला.

---

वर्गमूळ

ज्याच्याकडं सगळ्यात कमी दिवसांचा माल उरलाय त्याला आधी. सगळ्यांकडचे दिवस सारखे होईपर्यंत वाटत जायचं.

---

आकडेमोड_ताई

मीही बहुतेक असंच करते. पण गोकाकचा खप स्थिर आणि अथणीचा उड्या मारणारा असेल तर दिवस सारखे केल्यानं अथणी आधी कोरडी पडेल. चारही डेपोंचा एसडी आपण 4 च धरलाय, ते वेगवेगळे काढल्याशिवाय यावर ठाम सांगता येणार नाही. काढलेत की इथं टाका.

---

अथणीकर (रविवार, रात्री 9.10)

ताडपत्रीखालची 15 खोकी उद्याच्या परतीच्या गाडीत बेळगावला धाडतोय, चलन बनवलंय. रोजची विक्री रात्री आठच्या आत ग्रुपवर टाकीन. आजचे 4 गेले.